प्री-डायबेटिस: किती किलो, किती चालणं आणि मेटफॉर्मिन कधी

प्रश्न: "वय ४४, उंची १६८, वजन ७४ किलो. बेळगावात शहापूरला कापडाचं दुकान आहे, दिवस बसूनच जातो. उपाशीपोटी साखर १०८, एचबीए१सी ६.१ आलं. वडिलांना शुगर होती. कुणी म्हणतं पंधरा किलो उतरव, मेव्हणे म्हणतात आत्ताच मेटफॉर्मिन घे, त्यांनी त्यांची स्ट्रिपही दिली आहे. नेमकं किती वजन उतरवू आणि गोळी घेऊ की नको?"

आधी थोडक्यात सांगतो, मग कारणं. पंधरा किलोची गरज नाही. पहिल्या सहा महिन्यांत चार किलो पुरे. रोज अर्धा तास भरभर चालायचं. गोळीचा निर्णय आज नको, चार महिन्यांनी घेऊ. मात्र त्याआधी एक तपासणी राहिली आहे, आणि तिच्याशिवाय तुम्हाला पक्कं उत्तर कुणीच देऊ शकणार नाही.

ती तपासणी म्हणजे ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पिऊन दोन तासांनी केलेली साखर. उपाशीपोटी १०० ते १२५, एचबीए१सी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ५.७ ते ६.४ किंवा ग्लुकोजनंतर दोन तासांनी १४० ते १९९ यांपैकी काहीही एक आलं तरी त्याला प्री-डायबेटिसच म्हणतात. पण शरीरात काय बिघडलंय ते तिन्हीत सारखं नसतं. काहींचं लिव्हर रात्रभर जास्त साखर सोडतं, म्हणून सकाळचा आकडा चढतो. काहींची सकाळची साखर जवळपास ठीक असते, पण जेवणानंतर चढलेली साखर लवकर उतरत नाही, कारण स्नायू ती नीट ओढून घेत नाहीत आणि इन्सुलिन वेळेवर पुरेसं येत नाही. आपल्याकडे हा दुसरा प्रकार फार दिसतो. फक्त उपाशीपोटीचा रिपोर्ट पाहिला तर तो हातातून निसटतो. जेवून दोन तासांनी केलेली नेहमीची 'पीपी' इथे चालत नाही, कारण त्या दिवशी तुम्ही एक चपाती खाल्ली की तीन, यावर तो आकडा हलतो.

त्याच वेळी हिमोग्लोबिन आणि किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनीनही करून घ्या. शरीरात लोह कमी असलं की एचबीए१सी खोटं वर दिसू शकतं. माझ्याकडे विशेषतः बायकांमध्ये असे रिपोर्ट येतात: एचबीए१सी ६.२, उपाशीपोटी ९०, आणि हिमोग्लोबिन नऊच्या खाली. त्यांना आधी लोह द्यावं लागतं, साखरेचा विचार त्यानंतर. तुमचे दोन्ही आकडे एकाच दिशेला बोट दाखवतात, म्हणून तुमच्या बाबतीत मला तशी शंका कमी वाटते. तरी पाहून घेतलेलं बरं.

आता वजनाकडे येऊ. 'सात टक्के वजन उतरवा आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चाला' हे तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेल. ते अमेरिकेतल्या डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्राम या अभ्यासातून आलं. त्याचे निकाल २००२ मध्ये छापून आले. तीन हजारांवर माणसं होती. आहार आणि व्यायामाच्या गटात डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं, मेटफॉर्मिनच्या गटात ३१ टक्क्यांनी. पुढे त्याच माहितीवरून हिशोब निघाला की उतरलेल्या प्रत्येक किलोमागे धोका साधारण १६ टक्क्यांनी कमी होतो. पण त्या लोकांचं सरासरी वजन ९४ किलो होतं आणि बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३४. तुमचा बीएमआय २६ आहे. त्यांचा किलोमागचा हिशोब जसाच्या तसा तुम्हाला लावता येत नाही.

तुमच्या जवळचा अभ्यास चेन्नईत झाला आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ५३१ माणसं होती, सरासरी वय ४६, बीएमआय २६ च्या आसपास, म्हणजे जवळपास तुम्हीच. सगळ्यांची ग्लुकोजनंतर दोन तासांची साखर चढलेली होती. तीन वर्षांत, नेहमीचा सल्ला मिळालेल्या गटात १०० पैकी ५५ जणांना डायबेटिस झाला. आहार-व्यायामाच्या गटात ३९ जणांना, मेटफॉर्मिनच्या गटात साधारण ४० जणांना. आहार-व्यायाम आणि मेटफॉर्मिन दोन्ही एकत्र दिलेल्या गटातही ३९ च्या आसपासच.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. चेन्नईत धोका २८ टक्क्यांनी कमी झाला आणि अमेरिकेत ५८, म्हणून 'आपल्या लोकांना व्यायाम लागू पडत नाही' असं काही जण म्हणतात. टक्के बाजूला ठेवा आणि माणसं मोजा. अमेरिकेत तीन वर्षांत १०० पैकी साधारण २९ जणांना व्हायचा तो १४ जणांवर आला, म्हणजे पंधरा माणसं वाचली. चेन्नईत ५५ वरून ३९, म्हणजे सोळा वाचली. वाचलेली माणसं सारखीच आहेत. आपल्याकडे मुळातच फार जणांना होतो, म्हणून टक्केवारी लहान दिसते. दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. चेन्नईच्या त्या आहार-व्यायाम गटात सरासरी वजन जवळजवळ उतरलंच नव्हतं. तरीही फायदा झाला. चालणाऱ्या पायाचे स्नायू जास्त साखर ओढून घेतात, आणि त्यासाठी काटा हलावा लागत नाही. अमेरिकेतल्या अभ्यासातही वजनाचं उद्दिष्ट न गाठता फक्त व्यायामाचं गाठणाऱ्यांत धोका बराच खाली आलेला दिसला.

मग वजन कशाला उतरवायचं, असं तुम्ही विचाराल. तुमच्या अंगावर जे जादा आहे ते बहुधा पोटात, लिव्हरच्या आसपास आहे, आणि वजन उतरू लागलं की ही चरबी लवकर कमी होते. तिच्यामुळेच सकाळची साखर चढते. कंबर मोजा: बेंबीच्या पातळीवर टेप गुंडाळून, पोट आत न ओढता. पुरुषात ९० सेंटिमीटरच्या वर असेल तर तुम्हाला वजन उतरवण्याचा फायदा नक्की होणार. ७४ किलोचे पाच टक्के म्हणजे ३.७, सात टक्के म्हणजे ५.२. म्हणून मी चार धरतो आणि पुढच्या सहा महिन्यांत आणखी एक.

चार-साडेचार किलो सहा महिन्यांत उतरवायचे तर रोजच्या खाण्यातून साधारण २०० कॅलरी कमी करायच्या. हे किती लहान आहे ते पाहा. शिजवलेल्या भाताची एक मध्यम वाटी, सुमारे दीडशे ग्रॅम, म्हणजे १९५ कॅलरी. अर्ध्या तासाच्या चालण्याने त्याहून कमी खर्च होतं. म्हणून फक्त चालून वजन उतरवायला निघालेला माणूस दोन महिन्यांत निराश होतो. वजन ताटातून उतरतं, चालण्याने साखर उतरते. दोघांची कामं वेगळी आहेत.

खानापूर तालुक्यातले एक गृहस्थ सांगतो. ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. वय ५१, ग्रामपंचायतीत कारकून, ७० किलो, बीएमआय २६. उपाशीपोटी १०४, ग्लुकोजनंतर १७६, एचबीए१सी ६.२. पहिल्याच भेटीत मला म्हणाले, "साखर कधीच सोडलोय डॉक्टर, गुळाचाच च्या पितोय." गूळ आणि साखर यांचा रक्तातला परिणाम जवळजवळ सारखाच, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आपला सगळा भाग उसाचा, गुऱ्हाळाचा, त्यामुळे गूळ म्हणजे औषध अशी समजूत घट्ट आहे. पण चहा ही त्यांची मोठी अडचण नव्हती. मी त्यांना एवढंच सांगितलं की एक दिवस रात्रीचा भात ताटात घ्यायच्या आधी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. पुढच्या वेळी चिठ्ठी घेऊन आले: ४५० ग्रॅम. त्यांना स्वतःलाच खरं वाटेना, कारण 'मी दोनदाच वाढून घेतो' असं ते म्हणत होते. खानापूर भाताचा मुलूख, शेतातलाच तांदूळ, आणि ताटात भाताचा ढीग ही तिथली रोजची गोष्ट.

भात बंद करा असं मी सांगितलं नाही. ते चार आठवडे टिकतं आणि मग माणूस दवाखान्यातच यायचा थांबतो. फक्त रात्रीचा भात दीड वाटीवर आणला, आणि रिकाम्या जागी मुगाची किंवा मटकीची घट्ट उसळ व एखादी पालेभाजी. जेवताना आधी भाजी-उसळ, भात शेवटी. भातातून २९० कॅलरी गेल्या, उसळ-भाजीतून शंभर आल्या, म्हणजे १९० ची बचत. चहा तीनवर आणला, गूळही नाही. जेवल्यावर पंधरा मिनिटं गल्लीत चालणं आणि सकाळी अर्धा तास. पाच महिन्यांत साडेतीन किलो उतरले. ग्लुकोजनंतरची साखर १७६ वरून १४१ वर आली, एचबीए१सी ५.९.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये ते परत आले तेव्हा दोन किलो वाढले होते आणि एचबीए१सी ६.१. खानापूरचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. जून गेला, जुलै गेला, चालणं बंदच. आपल्या भागात कार्यक्रम नेमका इथे फसतो, आणि मी आता पहिल्याच दिवशी विचारतो की पावसात कुठे चालणार. त्यांनी ग्रामपंचायतीच्या लांब व्हरांड्यात दुपारच्या सुट्टीत वीस मिनिटं फेऱ्या सुरू केल्या, घरी खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस दहा-दहाचे तीन फेरे. दिवाळीपर्यंत पुन्हा ५.९. गोळी लागली नाही.

तुमच्यासाठी हे असं बसवतो. तुम्ही दिवसभर दुकानात गादीवर बसता, म्हणून सलग बसणं तोडणं ही पहिली गोष्ट. तासाला एकदा उठून साड्यांचे गठ्ठे हलवायला स्वतः जा, पोऱ्याला पाठवू नका. दुपारी जेवल्यावर लगेच गादीवर न बसता दहा-पंधरा मिनिटं शहापूरच्या खडेबाजारातून एक फेरी. जेवणानंतर ज्या वेळी साखर चढते त्याच वेळी स्नायू हलले की चढ कमी होतो. सकाळी अर्धा तास व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर किंवा जिथे जमेल तिथे. वेग असा की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. आठवड्यातून पाच दिवस झाले की दीडशे मिनिटं भरतात. दोन दिवस उठ-बस, भिंतीवर हात टेकून दंड, पायऱ्या. पावसाळ्यात घराचा जिना.

ताटात तुमचा भात किती, हे एकदा खरोखर मोजा. भाकरी खात असाल तर तीही मोजा. जोंधळ्याची भाकरी साखरेला चालते म्हणून तीन खाणारे माझ्याकडे खूप येतात. एका मध्यम भाकरीला साठ-सत्तर ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे सव्वादोनशे कॅलरींच्या आसपास. भाकरी चांगलीच आहे, पण ती ताटातली पिष्टमय गोष्ट आहे. तिच्या जोडीला भात नको, उसळ हवी. आणि दुकानात गिऱ्हाइकाबरोबर होणारा प्रत्येक चहा मोजा. दोन चमचे साखर म्हणजे दहा ग्रॅम, चाळीस कॅलरी. पाच चहा झाले की तुमच्या २०० कॅलरी तिथेच आहेत. एवढी एकच गोष्ट बदलून वजन उतरलेले दुकानदार मी पाहिले आहेत. लग्नात कुंदा खाल्ला तर खाल्ला, त्या दिवशी भात घेऊ नका.

वजन आठवड्यातून एकदा, सकाळी, त्याच काट्यावर. रोज पाहू नका, पाण्याने एक किलोचा फरक पडतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात काटा थांबतो. बहुतेक वेळा त्याचं कारण ताट हळूहळू पुन्हा मोठं झालेलं असतं, म्हणून तेव्हा पुन्हा एकदा तीन दिवस भात आणि भाकरी मोजायची. एचबीए१सी तीन महिन्यांच्या आत करू नका, आणि त्याच लॅबमध्ये करा. दोन लॅबांत ०.२-०.३ चा फरक सहज पडतो आणि माणूस उगाच घाबरतो किंवा उगाच खूश होतो.

आता मेटफॉर्मिन. ही गोळी मुख्यतः लिव्हरने सोडलेली साखर कमी करते. तिच्याबद्दल माझ्या मनात भीती नाही, घाईही नाही. अमेरिकन अभ्यासात ती तरुण आणि बऱ्याच जाड माणसांत चांगली चालली. गरोदरपणी साखर झालेल्या बायकांतही चांगली. साठीच्या पुढे आणि बीएमआय तीसच्या खाली तिचा फारसा उपयोग दिसला नाही. याउलट चेन्नईत, २६ बीएमआयच्या माणसांत, फक्त २५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देऊन ती आहार-व्यायामाच्या तोडीस तोड ठरली. म्हणून 'तुम्ही जाड नाही, गोळी चालणारच नाही' असंही मी तुम्हाला म्हणणार नाही. पण जे नीट चालतात आणि ताट आवरतात त्यांच्यात गोळी जोडून चेन्नईत जादा काही पदरात पडलं नाही. सुरुवात व्यायामाने करायची, असं मी म्हणतो ते याच आधारावर.

पायरीपायरीने जायची पद्धतही चेन्नईतच नंतर तपासली गेली, ५७८ जाड माणसांत. आधी वर्गातून आहार-व्यायाम शिकवला, आणि चार महिन्यांनंतरही ज्यांचा धोका जास्त राहिला त्यांना मेटफॉर्मिन ५०० दिवसातून दोनदा. तीन वर्षांत धोका ३२ टक्क्यांनी उतरला. पण जवळपास तीन-चतुर्थांश लोकांना कधी ना कधी गोळी लागली, हेही सांगायला हवं. म्हणजे गोळी लागली तर तुम्ही हरलात असं मुळीच नाही. त्याच अभ्यासात ज्यांची फक्त उपाशीपोटीची साखर चढलेली होती त्यांना फायदा फारच कमी झाला, आणि ग्लुकोजनंतरची चढलेल्यांना स्पष्ट. सुरुवातीला ग्लुकोजच्या तपासणीचा आग्रह धरला तो यासाठीच.

तुमच्या बाबतीत मी असं ठरवेन. आज ग्लुकोज टेस्ट. ती १४० च्या खाली आली तर चार ते सहा महिने नुसता कार्यक्रम. ती १४० ते १९९ असेल तरी चार महिने मनापासून कार्यक्रम, मग पुन्हा सगळे आकडे. तेव्हा एचबीए१सी सहा किंवा वर, अथवा उपाशीपोटी ११० च्या वर राहिली, तर मी मेटफॉर्मिन सुरू करेन. वडिलांना शुगर आणि तुमचं वय चव्वेचाळीस, यामुळे माझा कल थोडा लवकर सुरू करण्याकडे राहील. एखाद्याला गुडघ्यामुळे चालताच येत नसेल किंवा एचबीए१सी ६.३-६.४ वर असेल, तर मी चार महिनेही थांबत नाही. आणि उपाशीपोटी १२६, ग्लुकोजनंतर २०० किंवा एचबीए१सी ६.५ दोनदा आलं, तर तो डायबेटिसच, मग उपचारही वेगळे.

सुरू केली तर रात्रीच्या जेवणाबरोबर ५००, हळू सुटणाऱ्या प्रकारातली, आणि दोन आठवड्यांनी गरज वाटली तर वाढवायची. पोट बिघडणं, तोंडाला धातूसारखी चव, हे पहिल्या आठवड्यांत होतं आणि बहुतेकांचं आपोआप जातं. क्रिएटिनीन आधी पाहिल्याशिवाय देत नाही. किडनी बरीच कमजोर असेल तर ही गोळी चालत नाही. उलट्या-जुलाबाने पाणी कमी झालं असेल तर ते दिवस बंद ठेवायची. वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-१२ कमी होतं, आणि शाकाहारी माणसात ते आधीच कमी असतं. पायांना मुंग्या आल्या की लोक 'शुगरच्या मुंग्या' म्हणून सोडून देतात. म्हणून वर्षातून एकदा बी-१२ पाहायचं.

शेवटी मेव्हण्यांच्या स्ट्रिपबद्दल. ती उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचा. आपल्याकडे बऱ्याच गोळ्यांत मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड असतं, आणि लोक दोन्हींना 'मेटफॉर्मिनची गोळी'च म्हणतात. नुसतं मेटफॉर्मिन सहसा साखर फार खाली नेत नाही. ग्लिमेपिराइड नेतं, आणि प्री-डायबेटिसमध्ये त्याचं कामच नाही. दुपारचं जेवण राहिलं आणि गिऱ्हाइकाच्या गर्दीत हात थरथरायला लागले, घाम फुटला, तर ते त्याचंच असू शकतं. ग्लिमेपिराइडच काय, त्यावर नुसतं मेटफॉर्मिन लिहिलेलं असलं तरी तुमचं क्रिएटिनीन अजून पाहिलेलं नाही. स्ट्रिप त्यांना परत द्या, आणि या आठवड्यात सकाळी उपाशीपोटी जाऊन ग्लुकोजची टेस्ट करून या.